शीर्षकाच्या शेवटच्या ओळीत एकटा पडलेला शब्द: `text-wrap: balance` वापरून ओळी समतोल कशा कराव्यात

सोलापुरातल्या चादरी-टॉवेलांच्या एका दुकानासाठी मी वेबपान तयार करत होतो, तेव्हाची ही गोष्ट आहे. पानाचे मुख्य शीर्षक ‘सोलापुरी चादर थेट मागावरून घरी’ असे होते. माझ्या संगणकावर ते एका ओळीत छान बसले होते, म्हणून मी निर्धास्तपणे दुवा पाठवून दिला. दुकानाच्या मालकांनी तो आपल्या फोनवर उघडला आणि लगेच विचारले, “अहो, ते ‘घरी’ एकटंच खाली का पडलंय?” प्रश्न अगदी रास्त होता. पहिली ओळ पडद्याच्या उजव्या कडेपर्यंत भरलेली होती आणि तिच्याखाली डाव्या कोपऱ्यात दोन अक्षरांचा एक शब्द उरला होता. सांगायची मुख्य गोष्ट, म्हणजे माल घरपोच येतो ही, नेमकी त्याच शब्दात होती.

हा दोष दुरुस्त करण्यासाठी आज सीएसएसची एक ओळ बहुतेक वेळा पुरते. ती ओळ नेमके काय करते आणि कोठे थांबते हे नीट समजून घेतले नाही, तर ती लावूनही शब्द एकटाच राहतो आणि नवशिक्याला कारण सापडत नाही. म्हणून हेच एक शीर्षक घेऊन आपण सगळ्या पायऱ्या करून पाहू.

शब्द एकटा का पडतो

ब्राउझर नेहमीच्या पद्धतीने मजकूर मांडतो तेव्हा तो एका वेळी एकाच ओळीचा विचार करतो. ओळीत मावतील तेवढे शब्द भरायचे, पुढचा शब्द मावेनासा झाला की तो खाली उतरवायचा आणि नवी ओळ सुरू करायची, एवढाच त्याचा नियम असतो. शेवटच्या ओळीला काय उरेल याचा हिशेब तो आधी करत नाही आणि काही वाईट उरले तरी मागे वळून वरच्या ओळी बदलत नाही.

हिशेब डोळ्यांसमोर यावा म्हणून काही ढोबळ मापे धरू. अक्षरांचा आकार असा आहे की ‘सोलापुरी’ला ९६ पिक्सेल, ‘चादर’ला ६०, ‘थेट’ला ३८, ‘मागावरून’ला १०४ आणि ‘घरी’ला ३६ पिक्सेल जागा लागते, तर दोन शब्दांमधली मोकळी जागा ७ पिक्सेल आहे. आपल्या फाँटमध्ये हे आकडे वेगळे येतील, पण गणित तेच राहील. फोनचा पडदा ३६० पिक्सेल रुंद आहे आणि दोन्ही बाजूंना १६ पिक्सेल सोडले आहेत, म्हणजे शीर्षकाला ३२८ पिक्सेल मिळतात. ‘सोलापुरी चादर थेट मागावरून’ एवढ्याला ३१९ पिक्सेल लागतात, म्हणून हे चारही शब्द पहिल्या ओळीत बसतात. ‘घरी’ जोडल्यावर बेरीज ३६२ होते, जागा कमी पडते आणि ‘घरी’ खाली जातो. एका ओळीची लांबी ३१९ आणि दुसरीची ३६ अशी ही विभागणी होते.

मराठीत हा प्रसंग वारंवार येतो आणि त्यामागे भाषेचीच दोन कारणे आहेत. एक तर आपले विभक्तिप्रत्यय आणि शब्दयोगी अव्यये शब्दाला जोडून लिहिली जातात, त्यामुळे ‘विद्यार्थ्यांसाठी’, ‘कारखान्यांमधील’ असे लांबलचक शब्द तयार होतात आणि देवनागरीत ओळ सहसा मोकळ्या जागेवरच तुटत असल्यामुळे हे शब्द अखंड राहतात. दुसरे म्हणजे आपली वाक्ये क्रियापदावर संपतात आणि शीर्षकातले शेवटचे पद बहुधा ‘सुरू’, ‘आहे’, ‘मिळेल’, ‘घरी’ असे आखूड असते. मोठे शब्द वरची ओळ भरून टाकतात आणि आखूड शब्द खाली उरतो. तो खाली उरला की वाक्याचा अर्थच खाली उरतो, म्हणून मराठी पानावर हा दोष इंग्रजीपेक्षा अधिक खटकतो असे माझे मत आहे.

पहिली पायरी: हाताने घातलेले `<br>` काढून टाकणे

बहुतेक जण या दोषावर पहिला उपाय म्हणून शीर्षकाच्या मध्ये `<br>` घालतात. मीही सुरुवातीला तेच केले होते. ‘थेट’ या शब्दानंतर ओळ तोडली की फोनवर ‘सोलापुरी चादर थेट’ आणि ‘मागावरून घरी’ अशा २०८ आणि १४७ पिक्सेलच्या दोन ओळी मिळतात आणि काम झाले असे वाटते.

मात्र `<br>` ला पडद्याची रुंदी कळत नाही. रुंद पडद्यावर जागा भरपूर असतानाही तो ओळ तोडतोच. अरुंद जागेत त्याहून वाईट घडते. समजा तेच शीर्षक २०० पिक्सेलच्या कार्डात वापरले, तर ‘सोलापुरी चादर थेट’ला २०८ पिक्सेल लागत असल्याने ‘थेट’ खाली उतरतो आणि लगेच पुढे आपण घातलेला `<br>` येतो. परिणामी ‘सोलापुरी चादर’, मग एकटा ‘थेट’, मग ‘मागावरून घरी’ अशा तीन ओळी होतात. शेवटचा शब्द वाचवायला गेलो आणि मधला शब्द एकटा पडला. म्हणून कामाला लागण्यापूर्वी शीर्षकांमधले असे सगळे `<br>` काढून टाकावेत. पत्ता किंवा कवितेची ओळ यांत ओळ तोडणे हा अर्थाचाच भाग असतो, तेवढे मात्र ठेवावेत.

दुसरी पायरी: नियम लावणे

```css
h1, h2, h3 {
  text-wrap: balance;
}
```

एवढे लिहून पान पुन्हा उघडले की ३६० पिक्सेलच्या फोनवर शीर्षक ‘सोलापुरी चादर’ आणि ‘थेट मागावरून घरी’ असे दिसू लागते. पहिल्या ओळीची लांबी १६३ आणि दुसरीची १९२ होते. वाचताना आपण जेथे श्वास घेऊ तेथेच ओळ तुटली, हा मात्र योगायोग समजावा. ब्राउझर अर्थ पाहत नाही, तो फक्त लांबी पाहतो.

तो हे कसे करतो ते थोडे सावकाश पाहू, कारण पुढच्या सगळ्या अडचणी याच रीतीतून उगवतात. क्रोम आधी नेहमीप्रमाणे मजकूर मांडून ओळी किती होतात ते मोजतो. आपल्या शीर्षकाच्या दोन ओळी होतात. मग ओळींची ही संख्या न वाढू देता शीर्षक किती अरुंद करता येईल याचा तो शोध घेतो. हा शोध निम्मे-निम्मे करत चालतो. समजा ३२८ ऐवजी २५४ पिक्सेल दिले, तरी दोनच ओळी होतात, म्हणजे आणखी अरुंद करायला वाव आहे. २१७ ला दोन ओळी, १९९ लाही दोन. १९० दिले तर ‘थेट मागावरून घरी’ला लागणारे १९२ पिक्सेल मिळत नाहीत, ‘घरी’ पुन्हा खाली जातो आणि तीन ओळी होतात, म्हणजे हे जरा जास्तच अरुंद झाले. अशा रीतीने तो १९२ वर येऊन थांबतो आणि त्या रुंदीत शब्द भरतो. प्रत्येक ब्राउझरची आतली रीत हुबेहूब हीच असेल असे नाही, कारण सीएसएसच्या तपशिलात ती ब्राउझरवर सोपवलेली आहे, पण मनात हे चित्र ठेवले की परिणामाचा अंदाज चुकत नाही.

या चित्रातून एक सोयीची गोष्ट लक्षात येते. ओळींची संख्या बदलत नसल्यामुळे शीर्षकाची उंचीही बदलत नाही, म्हणून हा नियम नंतर लावला तरी खालची मांडणी हलत नाही. तयार पानावर तो लावून पाहायला भीती बाळगण्याचे कारण नाही.

ही सोय क्रोमच्या ११४ व्या आवृत्तीत मे २०२३ मध्ये, फायरफॉक्सच्या १२१ व्या आवृत्तीत डिसेंबर २०२३ मध्ये आणि सफारीच्या १७.५ या आवृत्तीत मे २०२४ मध्ये आली. त्याआधीचे ब्राउझर ही ओळ न समजल्याने सोडून देतात आणि शीर्षक जुन्या पद्धतीने दाखवतात. पान मोडत नाही, एवढेच की तेथे ‘घरी’ अजूनही एकटा राहतो. त्यावरचा उपाय चौथ्या पायरीत येईल.

नवशिक्यांची एक चूक येथे सांगून ठेवतो. हा नियम शीर्षकाच्या आतल्या `<span>` वर किंवा `<a>` वर लिहिला तर काही घडत नाही, कारण ओळी पाडण्याचे काम बाहेरचा ब्लॉक करत असतो. कार्डातल्या शीर्षकाला दुवा दिलेला असेल तर नियम `<a>` ला न देता `h3` ला द्यावा.

तिसरी पायरी: खरोखर समतोल झाला का ते मोजणे

डोळ्यांनी पाहून अंदाज येतो, पण मोजून पाहिले की खात्री होते. क्रोममध्ये डेव्हलपर टूल्स उघडून `Elements` मध्ये शीर्षक निवडावे आणि उजवीकडच्या `Styles` मध्ये `text-wrap` च्या आधीच्या चौकटीतली खूण काढून पुन्हा लावावी, म्हणजे आधीचे आणि नंतरचे रूप लागोपाठ दिसते. ओळींच्या लांबीचे आकडे हवे असतील तर `Console` मध्ये पुढील ओळी लिहाव्यात.

```js
const r = document.createRange();
r.selectNodeContents(document.querySelector('h1'));
[...r.getClientRects()].map(x => Math.round(x.width));
```

शीर्षकात नुसता मजकूर असेल, आत दुसरे टॅग नसतील, तर प्रत्येक ओळीमागे एक आकडा मिळतो. आपल्या उदाहरणात नियम लावण्यापूर्वी ३१९ आणि ३६, तर नंतर १६३ आणि १९२ असे उत्तर येईल. येथे `getBoundingClientRect()` वापरून चालत नाही, कारण तो संपूर्ण चौकटीची रुंदी सांगतो आणि ती दोन्ही वेळा ३२८ च असते. हा फरक पुढे पुन्हा उपयोगी पडणार आहे.

त्यानंतर खिडकीची रुंदी ३२० पिक्सेलपासून हळूहळू वाढवत न्यावी. सगळ्या रुंदींवर शीर्षक चांगले दिसणे हे खरे काम आहे, आपल्या हातातल्या एका फोनवर दिसणे पुरेसे नाही. देवनागरी फाँट वेबवरून येत असेल तर तो उतरण्यापूर्वीचे रूप पाहून निष्कर्ष काढू नये. फाँट बदलला की शब्दांची रुंदी बदलते आणि ब्राउझर समतोल नव्याने साधतो.

नियम लावूनही शब्द एकटाच राहतो तेव्हा

याच पानावर जानेवारीतल्या सिद्धेश्वर यात्रेसाठी एक शीर्षक घालायचे होते. मी लिहिले, ‘खास सिद्धेश्वरयात्रेनिमित्त सवलत’. नियम लावलेला होता, तरीही ‘सवलत’ हा शब्द खाली एकटा दिसत होता. बराच वेळ मी नियम नीट लागला नाही असे समजून सीएसएस तपासत बसलो. दोष सीएसएसमध्ये नव्हता, शब्दांत होता.

पुन्हा आकडे पाहू. ‘खास’ला ४८, ‘सिद्धेश्वरयात्रेनिमित्त’ला २५८ आणि ‘सवलत’ला ६२ पिक्सेल लागतात. शब्द तीनच आहेत, म्हणजे दोन ओळींत तोडण्याच्या जागा दोनच आहेत. ‘खास सिद्धेश्वरयात्रेनिमित्त’ वर आणि ‘सवलत’ खाली असे केले तर लांब ओळ ३१३ पिक्सेलची होते. ‘खास’ वर आणि उरलेले दोन शब्द खाली असे केले तर लांब ओळ ३२७ पिक्सेलची होते. ब्राउझर अरुंदात अरुंद मांडणी शोधत असल्याने तो पहिली निवडतो, आणि ती नेमकी आधीचीच मांडणी आहे. नियम चालतो आहे, फक्त त्याला हलवायला शब्द उरलेला नाही. `text-wrap: balance` शेवटी एक शब्द राहणार नाही असे वचन देत नाही. ओळी शक्य तितक्या सारख्या करणे हेच त्याचे काम आहे आणि एकटा शब्द टळणे हा त्याचा बहुतेक वेळा मिळणारा परिणाम आहे.

यावरचा उपाय लिहिण्यातच आहे. लांब सामासिक शब्द सोडवून शब्दक्रम बदलला आणि ‘सिद्धेश्वर यात्रेनिमित्त खास सवलत’ असे लिहिले की चित्र पालटते. ‘सिद्धेश्वर’ला ११२ आणि ‘यात्रेनिमित्त’ला १३९ पिक्सेल लागतात. आता ब्राउझरला ‘सिद्धेश्वर यात्रेनिमित्त’ वर आणि ‘खास सवलत’ खाली अशी २५८ आणि ११७ पिक्सेलची विभागणी सापडते. ओळी अगदी सारख्या झाल्या नाहीत, पण शेवटी दोन शब्द आहेत आणि ते एकत्र वाचले जातात. गंमत म्हणजे नियम नसता तर हेच शीर्षक ‘सवलत’ला पुन्हा एकटे टाकून गेले असते, कारण पहिले तीन शब्द ३१३ पिक्सेलमध्ये मावतात. शब्द सोडवून लिहिणे आणि नियम लावणे ही दोन्ही मिळून काम करतात.

म्हणून शीर्षक मनासारखे बसत नसेल तर सीएसएसमध्ये शिरण्यापूर्वी त्यातला सर्वांत लांब शब्द शोधावा. तो ओळीच्या तीन-चतुर्थांशाहून मोठा असेल तर अडचण बहुधा त्याचीच असते. त्याचबरोबर हेही लक्षात ठेवावे की शेवटच्या ओळीतला प्रत्येक एकटा शब्द दोष नसतो. ‘सोलापुरातील वस्त्रोद्योगासाठी’ हे शीर्षक दोन ओळींत आले तर खाली एकच शब्द राहतो, पण तो वरच्या ओळीच्या तोडीचा लांब असल्याने डोळ्याला टोचत नाही. खटकतो तो आखूड आणि एकटा शब्द.

चौथी पायरी: शेवटचे दोन शब्द बांधून ठेवणे

जुन्या ब्राउझरसाठी एक साधा आधार देता येतो. शेवटच्या दोन शब्दांमध्ये नेहमीच्या मोकळ्या जागेऐवजी न तुटणारी जागा, म्हणजे `&nbsp;`, घालावी.

```html
<h1>सोलापुरी चादर थेट मागावरून&nbsp;घरी</h1>
```

आता ‘मागावरून घरी’ ही १४७ पिक्सेलची एकच जोडी होते. नियम न समजणाऱ्या ब्राउझरमध्येही ३२८ पिक्सेलमध्ये ‘सोलापुरी चादर थेट’ वर आणि ही जोडी खाली येते, म्हणजे २०८ आणि १४७. नियम समजणाऱ्या ब्राउझरमध्ये आधीचीच १६३ आणि १९२ ची मांडणी कायम राहते. एकाच मजकुरातून दोन्हीकडे चांगला परिणाम मिळतो.

ही गाठ मात्र जपून मारावी लागते. मघाच्या चुकलेल्या शीर्षकात मी आधी हाच उपाय केला होता आणि ‘सिद्धेश्वरयात्रेनिमित्त’ व ‘सवलत’ यांच्यामध्ये `&nbsp;` घातला होता. माझ्या फोनवर ‘खास’ वर आणि बाकी सारे खाली असे दिसले. ते सुंदर नव्हते, पण चालण्यासारखे वाटले. मग ३२० पिक्सेलच्या पडद्यावर पाहिले. तेथे शीर्षकाला २८८ पिक्सेलच मिळतात आणि बांधलेली जोडी ३२७ पिक्सेलची आहे. ती तुटू शकत नसल्याने चौकटीबाहेर गेली, ‘सवलत’चा शेवट पडद्याबाहेर कापला गेला आणि पान आडवे सरकू लागले. एकट्या शब्दापेक्षा हा दोष कितीतरी मोठा आहे. तेव्हापासून मी एक मर्यादा पाळतो. बांधलेली जोडी सर्वांत अरुंद पडद्यावर मिळणाऱ्या जागेच्या साधारण निम्म्याहून मोठी होत असेल तर ती बांधायची नाही. २८८ च्या निम्मे १४४ होतात, म्हणजे ‘मागावरून घरी’ ही जोडी जवळपास काठावरची आहे. तीन शब्द एकत्र बांधण्याचा मोह तर टाळावाच.

जेथे अर्थच तुटू नये तेथे मात्र `&nbsp;` सर्व ब्राउझरांत हवा. ‘२५ टक्के’, ‘१४ जानेवारी’ अशा जोड्यांमधला आकडा एका ओळीच्या शेवटी आणि शब्द पुढच्या ओळीच्या आरंभी गेला तर वाचणारा अडखळतो. समतोल साधताना ब्राउझरला हे कळत नाही, उलट लांबी जुळवण्यासाठी तो नेमका तेथेच ओळ तोडू शकतो.

चौकटीची रुंदी तीच राहते

शीर्षकामागे रंगीत पट्टी असेल तर एक अनपेक्षित गोष्ट दिसते. मजकूर १९२ पिक्सेलपर्यंत आकसतो, पण शीर्षकाची चौकट ३२८ पिक्सेलचीच राहते, कारण हा नियम फक्त ओळी कोठे तुटाव्यात ते ठरवतो आणि चौकटीला हात लावत नाही. त्यामुळे पट्टीच्या उजवीकडे १३६ पिक्सेल रिकामा रंग उरतो. `width: fit-content` लिहून तो जाईल असे वाटते, पण तसे होत नाही. ती रुंदी मजकूर एका ओळीत किती लांब होईल यावरून आणि उपलब्ध जागेवरून ठरते, तोडलेल्या ओळींवरून नाही. आपला मजकूर एका ओळीत ३६२ पिक्सेलचा असल्याने उत्तर पुन्हा ३२८ च येते.

रंग मजकुराला चिकटूनच हवा असेल तर तो शीर्षकाला न देता आतल्या `<span>` ला द्यावा.

```css
h1 span {
  background: #f4d58d;
  padding: 0 8px;
  -webkit-box-decoration-break: clone;
  box-decoration-break: clone;
}
```

`<span>` ची पार्श्वभूमी प्रत्येक ओळीच्या मजकुराइतकीच असते आणि `clone` मुळे प्रत्येक ओळीच्या दोन्ही टोकांना सारखी मोकळी जागा मिळते. हे जमत नसेल तर पट्टी पूर्ण रुंदीचीच ठेवून शीर्षक मध्यभागी घ्यावे. मध्यभागी घेतलेल्या मजकुरात उरलेली जागा दोन्हीकडे वाटली जाते आणि रिकामेपणा जाणवत नाही. समतोल ओळी मध्यभागी अधिक शोभतात असा माझा अनुभव आहे.

रुंद पडद्यावर डावीकडून सुरू होणाऱ्या लांब शीर्षकाबाबतही हाच विचार करावा लागतो. १२०० पिक्सेलच्या जागेत १३०० पिक्सेलचे शीर्षक असेल तर समतोलानंतर दोन्ही ओळी साडेसहाशेच्या आसपास येतात आणि पानाचा उजवा अर्धा भाग मोकळा राहतो. बातमीच्या पानावर ते चांगले दिसते. उजवीकडे चित्र किंवा बटण नसलेल्या मुख्य पानावर मात्र शीर्षक एका बाजूला ढकलल्यासारखे वाटते. अशा ठिकाणी अक्षरांचा आकार थोडा कमी करून शीर्षक एका ओळीत आणणे मला अधिक बरे वाटते.

परिच्छेदांना हा नियम लावू नये

`text-wrap` हा गुणधर्म आतल्या घटकांकडे वारशाने जातो. तो `body` वर लिहिला तर पानातल्या सगळ्या परिच्छेदांना लागू होतो आणि लहान परिच्छेद विनाकारण आकसून वेगवेगळ्या रुंदीचे दिसू लागतात. क्रोममध्ये सहा ओळींपर्यंतच्या आणि फायरफॉक्समध्ये दहा ओळींपर्यंतच्या मजकुरालाच समतोल साधला जातो. पुन्हा पुन्हा मांडणी करून पाहण्याचे हे काम लांब मजकुरावर महाग पडते, म्हणून ही मर्यादा घातली आहे. त्यामुळे क्रोममध्ये पाच ओळींचा परिच्छेद आकसतो आणि त्याखालचा आठ ओळींचा जसाच्या तसा राहतो, आणि पान विस्कटलेले दिसते. फोनवर शीर्षक सात ओळींचे होऊन नियम अचानक चालेनासा झाला, तर कारण हेच असते. तेथे शीर्षक लहान करावे किंवा अक्षरे लहान करावीत.

परिच्छेदाच्या शेवटी एकटा शब्द राहू नये असे वाटत असेल तर त्यासाठी वेगळे मूल्य आहे.

```css
p {
  text-wrap: pretty;
}
```

हे सगळ्या ओळी सारख्या करत नाही, परिच्छेद पूर्ण रुंदीतच ठेवते. क्रोममध्ये ते शेवटच्या काही ओळींकडे पाहून एखादा शब्द वरून खाली आणते, म्हणजे शेवटची ओळ फार आखूड राहत नाही. क्रोममध्ये ते ११७ व्या आवृत्तीपासून आणि सफारीत २६ व्या आवृत्तीपासून चालते. न चालणाऱ्या ब्राउझरमध्ये परिच्छेद नेहमीसारखा दिसतो. चित्राखालच्या दोन-तीन ओळींच्या मजकुराला मात्र मी `balance` च लावतो, कारण तो शीर्षकासारखाच एका नजरेत वाचला जातो.

दुकानाच्या त्या पानावर शेवटी राहिले ते एवढेच: `h1` ते `h3` आणि `figcaption` यांना `balance`, `p` ला `pretty`, मुख्य शीर्षकात एक `&nbsp;` आणि यात्रेच्या शीर्षकाची नवी शब्दरचना. ३२०, ३६० आणि १२८० या तीन रुंदींवर पाहून मी दुवा पुन्हा पाठवला, तेव्हा मालकांच्या फोनवर ‘थेट मागावरून घरी’ एका ओळीत आले होते.